उत्तराची पहिली ओळ: नमस्कार

आमच्या वाचनालयात पत्रव्यवहार बघायला कोणी नवीन आलं की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो. पत्राला उत्तर लिहायचंय, मजकूर ठरलाय, पण सुरुवात कशी करायची? गेल्या वर्षी आलेला मुलगा इंदूरचा. घरची भाषा मराठी, शाळा हिंदी. त्याने पहिल्या उत्तराचा कच्चा मसुदा माझ्यासमोर ठेवला, त्यात वर ‘प्रिय सर जी, नमस्ते’ होतं. मी नुसतं ‘नमस्कार’ लिहिलं आणि बाकीचं खोडलं. तो म्हणाला, “ताई, अर्थ तर तोच आहे ना?” अर्थ तोच नाही. त्याला जे टप्प्याटप्प्याने सांगितलं ते इथे लिहिते. मराठीत उत्तरं लिहायला नव्यानेच लागलेल्या कोणालाही उपयोगी पडेल.

पहिली पायरी: शब्द उघडून बघा

‘नम्’ हा संस्कृत धातू. अर्थ साधा, वाकणं. नम्र, नमन, प्रणाम, उन्नत, अवनत ही सगळी त्याचीच मंडळी. मराठीत आपण ‘नमतं घेतलं’ म्हणतो तेही तिथलंच. या धातूपासून ‘नमस्’ झाला, त्याला ‘कार’ म्हणजे करणं जोडलं की नमस्कार. वाकण्याची क्रिया, एवढंच शब्दात आहे.

आता लोक सांगतात की ‘न मम’, माझं काही नाही, यावरून हा शब्द आला; किंवा नमस्कार म्हणजे तुमच्यातल्या ईश्वराला माझ्यातल्या ईश्वराचं वंदन. ‘न मम’ हे यज्ञात आहुती देताना म्हणतात, ते खरं, पण त्याचा या शब्दाच्या घडणीशी संबंध नाही. ईश्वराचं स्पष्टीकरण ऐकायला छान वाटतं आणि परदेशातल्या योगवर्गांत ते फार चालतं. शब्दाच्या आत मात्र ना ईश्वर आहे ना आत्मा, आहे ती वाकलेली मान. पुढे सांगणार आहे ते सगळं या साधेपणावरच उभं आहे, म्हणून हे आधी.

शब्द उघडलाच आहे तर शुद्धलेखनाचंही उरकून घेऊ, कारण पहिल्याच शब्दात चूक झाली तर वाचणाऱ्याचं लक्ष पुढच्या मजकुरावरून उडतं. ‘नमष्कार’ असं लिहिलेलं मी दर महिन्याला एकदा तरी बघते. चूक समजण्यासारखी आहे, कारण बहिष्कार, आविष्कार, निष्कारण यांत पोटफोड्या ष असतो. तिथे विसर्गाच्या आधी इ किंवा उ असतो (बहिः, आविः, निः), म्हणून ष होतो. नमः, पुरः, तिरः यांत विसर्गाआधी अ आहे, म्हणून नमस्कार, पुरस्कार, तिरस्कार. अ असला की दर वेळी स होतोच असंही नाही. प्रातःकाल आणि अंतःकरण यांनी आपला विसर्ग तसाच ठेवला आहे. नमः आणि पुरः या दोघांसाठी तर पाणिनीने वेगळं सूत्रच केलं आहे. लक्षात ठेवायला सोपं: पुरस्कार जसा, नमस्कार तसा.

दुसरी पायरी: यात ‘तुला’ कुठे आहे ते शोधा

इंदूरच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ‘नमस्ते’ म्हणजे नमः अधिक ते. हा ‘ते’ म्हणजे तुला. म्हणजे नमस्ते हे एक अख्खं वाक्य झालं, ‘तुला वंदन’. ते समोर उभ्या असलेल्या माणसाला तोंडाने म्हणायचं वाक्य आहे. शाळेत बाई वर्गात आल्या की मॉनिटर ओरडायचा ‘एक साथ नमस्ते’, आणि आम्ही सगळ्या हेल काढून म्हणायचो. तिथे ते अगदी बरोबर होतं, बाई समोर होत्या.

नमस्कार या शब्दात ‘तुला’ नाही, ‘तुम्हाला’ नाही, ‘आपल्याला’ही नाही. नमस्कार हे नाम आहे. मराठी माणूस नमस्काराचं काय काय करतो ते बघा. तो नमस्कार करतो, देवापुढे नमस्कार घालतो, सकाळी उठून बारा सूर्यनमस्कार घालतो. गावी जाणाऱ्याजवळ ‘काकांना माझा नमस्कार सांग’ म्हणतो. काकांचं उत्तर येतं, ‘नमस्कार पोचला’. कोणी तोंड फिरवलं तर आपण म्हणतो, ‘त्याने माझा नमस्कारसुद्धा घेतला नाही’. नको असलेल्या गोष्टीला आपण दुरूनच नमस्कार करतो. करायचा, घालायचा, सांगायचा, पाठवायचा, पोचवायचा, घ्यायचा. ही सगळी क्रियापदं वस्तूची आहेत. आंब्याची पेटी पाठवावी तसा आपण नमस्कार पाठवतो.

‘नमस्ते’ पाठवता येत नाही. ‘काकांना माझं नमस्ते सांग’ असं म्हणून बघा, जीभ अडखळते. समोरासमोर बोलायचं वाक्य दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, वस्तू देता येते. आणि कागदावरचं उत्तर म्हणजे तरी काय, दुसऱ्याच्या हाती दिलेलं बोलणंच. माझ्या मते मराठी लेखनात नमस्कार इतका सहज बसतो त्याचं खरं कारण हे आहे. बाकी कारणं या मागून येतात.

वस्तू म्हटली की ती कोणाला द्यायची हे सांगावं लागतं. संस्कृतात नमः आला की ज्याला वंदन त्याची चतुर्थी होते. श्रीगणेशाय नमः. सूर्यनमस्कारातले मंत्रही तसेच, मित्राय नमः, रवये नमः. मराठीनेही ती सवय सोडली नाही. आईला नमस्कार, सर्वांना नमस्कार. जुन्या पत्रात ‘बाबांस’ लिहायचे तो स त्याच चतुर्थीचा.

तिसरी पायरी: जुना मायना एकदा वाचा

मायना म्हणजे पत्राच्या सुरुवातीची ठरीव शब्दरचना. वापरायला नव्हे, पण आपण काय टाकून दिलं आणि काय ठेवलं ते कळायला तो वाचावा. वडिलांना पत्र असेल तर असं असे:

‘तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.’

बहुधा हे आखडून लिहीत: ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि. बरोबरीच्या माणसाला सप्रेम नमस्कार विनंती विशेष, म्हणजे स.न.वि.वि. हे आजही लग्नपत्रिकांत आणि संस्थांच्या पत्रांत दिसतं आणि अनेकांना त्याचा उलगडा होत नाही. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली आलं. तेवढ्याशा जागेत सगळं बसवायचं म्हणजे ही लघुरूपं फारच सोयीची.

आता ही ओळ सावकाश वाचा. ‘बाबांस नमस्कार’ हे एक वाक्य आहे, बाबांना नमस्कार दिला. ‘विनंती विशेष’ म्हणजे यापुढे जे खास सांगायचं ते विनंतीपूर्वक सांगतो. म्हणजे नमस्कार हा पत्राचा उंबरठा होता. त्याच्या अलीकडे माणसाचं नाव, पलीकडे काम. पेशवाईतल्या पत्रांतही हाच उंबरठा आहे. कुठे नमस्कार, कुठे दंडवत, कुठे रामराम, त्यापाठोपाठ ‘विनंती उपरी’, मग इथलं कुशल सांगून तिथलं कुशल विचारायचं आणि ‘विशेष’ म्हणून मुद्द्याला हात घालायचा. ती पत्रं मोडीत आहेत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि विरामचिन्हं जवळपास नसतच. एका रेघेखाली सलग वाहणाऱ्या अक्षरांत नाव कुठे संपलं आणि काम कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्याला या ठरीव शब्दांवरून ओळखता येई.

‘साष्टांग’मध्येही एक गंमत दडली आहे. साष्टांग म्हणजे आठ अंगांनी केलेला नमस्कार. ती आठ अंगं परंपरेने मोजतात ती अशी: छाती, डोकं, दृष्टी, वाणी, मन, पाय, हात आणि गुडघे. म्हणजे या आठांत वाणी आणि मनही आहेत. दूरगावच्या मुलाला बाबांपुढे आडवं पडता येत नाही, पण वाणी आणि मन कागदावरून पाठवता येतात. तो ‘शिरसाष्टांग’ लिहायचा तेव्हा उरलेली सहा अंगं वाचणाऱ्याने मानून घ्यायची.

मायन्याची दुसरी बाजू मात्र जाचक होती. लिहिण्याआधी समोरच्याची कुंडली माहीत हवी. आईवडील असतील तर तीर्थरूप, त्यांच्या जागी असलेले काका-मामा तीर्थस्वरूप. धाकटा असेल तर चिरंजीव आणि नमस्कार नाहीच, ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. बाई असेल तर सवाष्णीला सौ. आणि विधवेला गं.भा., म्हणजे गंगा भागीरथी. पत्र उघडताक्षणी बाईला तिचं वैधव्य वाचायला लागायचं. हे गेलं ते फार बरं झालं.

गेलं काय आणि राहिलं काय ते बघा. नात्याची, वयाची, लग्नाची सगळी विशेषणं झडली. ‘विनंती विशेष’ झडलं. मधला नमस्कार तेवढा राहिला, कारण तो एकटाच असा होता की ज्याला समोरच्याची माहिती लागत नव्हती.

चौथी पायरी: प्रत्यक्ष एक उत्तर लिहा

आमच्याकडे आलेलं एक पत्र घेते, नाव बदलून. खाली सही, स. देशमुख. मजकूर असा:

‘माझं सभासदत्व दोन वर्षांपूर्वी बंद पडलं आहे. ते पुन्हा सुरू करता येईल का? अनामत रक्कम परत भरावी लागेल का? सभासद क्रमांक सोबत दिला आहे.’

तीन-चार वाक्यं, पण त्यांत लिहिणाऱ्याविषयी काहीच कळत नाही. मराठीत ‘मी आलो होतो’, ‘मी आले होते’ असं एखादं वाक्य असतं तर बाई की पुरुष ते कळलं असतं. इथे एकही क्रियापद लिहिणाऱ्यावर फिरत नाही. स. म्हणजे सदाशिव, सरिता की समीर? वय वीस की पंच्याहत्तर? काही पत्ता नाही.

आता सुरुवातींची एकेक चाचणी घेऊ. ‘प्रिय सर’ लिहिलं आणि पत्र सरिताबाईंचं निघालं तर पहिल्याच शब्दाला फजिती. शिवाय मराठीत ‘प्रिय’ अजूनही मित्राला, बहिणीला, नवऱ्याला लिहायचा शब्द आहे. वाचनालयाला देशमुख प्रिय असायचं कारण नाही. ‘महोदय’ लिहिलं तर महोदय की महोदया हा तोच प्रश्न, आणि वर सरकारी कचेरीचा वास. ‘आदरणीय’ चालेल, पण अनामत रकमेच्या चौकशीला ते जरा जड होतं. सत्काराला बोलावल्यासारखं वाटतं. ‘सुप्रभात’ लिहायचं तर पत्र कधी वाचलं जाईल ते आपल्या हातात नाही. ‘कसे आहात?’ हा प्रश्न झाला. त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि अनोळखी माणसाने तो विचारला की पुढे काहीतरी विकायला येणार अशी शंका येते.

नमस्कार या सगळ्यांतून सुटतो. बाईला चालतो, पुरुषाला चालतो, एकाला चालतो, दहांना चालतो, सकाळी चालतो, रात्री चालतो. लिहिणाऱ्याचंही तो काही उघड करत नाही. मी लिहिला काय किंवा त्या मुलाने लिहिला काय, ‘माझा नमस्कार’च, नमस्कार पुल्लिंगी आहे तो शब्द म्हणून, लिहिणाऱ्याशी त्याला देणंघेणं नाही.

पण सगळ्यात मोठी सुटका वेगळीच आहे. मराठीत दुसऱ्या माणसाशी बोलायला तोंड उघडलं की तू, तुम्ही की आपण हे ठरवावं लागतं. ठरवल्याशिवाय क्रियापदच पूर्ण होत नाही. नमस्कार लिहिताना हे ठरवावं लागत नाही. आदर दिलेला असतो, पण तो कोणत्या सर्वनामाचा हे मोकळं असतं. अनोळखी माणसाला पहिली ओळ लिहिताना हात मोकळा वाटतो तो म्हणून.

ही सवलत एका ओळीपुरतीच, हे विसरू नका. दुसऱ्या ओळीत सर्वनाम गळ्याशी येतंच. तिथे दोन वाटा आहेत. एक, सरळ ‘आपलं पत्र मिळालं’ किंवा ‘तुमचं पत्र मिळालं’ लिहायचं. मी ‘तुमचं’ लिहिते. ‘आपलं’ला एक संस्थेचा कोरडेपणा येतो, शिवाय आपलं म्हणजे तुमचं की आपल्या दोघांचं असा घोळही कधी होतो. दुसरी वाट म्हणजे मराठीने दिलेल्या कर्ता नसलेल्या वाक्यांची. ‘भरावं लागेल’, ‘करता येईल’, ‘आणावं’, ‘चालेल’. ही वाक्यं आदराने बोलतात आणि सर्वनाम मागत नाहीत. देशमुखांना गेलेलं उत्तर असं होतं:

‘नमस्कार,

पत्र मिळालं. सभासदत्व पुन्हा सुरू करता येईल. जुनी अनामत रक्कम आमच्याकडे जमा आहे, त्यामुळे ती परत भरावी लागणार नाही. चालू वर्षाची वर्गणी तेवढी भरायची. येताना जुनं ओळखपत्र आणावं. ते सापडत नसेल तर पत्रात दिलेला सभासद क्रमांक पुरेल.

कळावे,
कार्यवाहांकरिता’

शोधून बघा, यात तू-तुम्ही-आपण कुठेच नाही आणि तरी उद्धट काही वाटत नाही. नुसती पहिली ओळ काढून परत वाचा. ‘पत्र मिळालं. सभासदत्व पुन्हा सुरू करता येईल.’ आता तेच उत्तर खिडकीतून पावती सरकवल्यासारखं वाटतं. आदराचा सगळा भार त्या एका शब्दाने उचललेला होता.

देशमुखांच्या पत्रात वर नमस्कार नव्हता, हेही त्या मुलाने दाखवलं. “त्यांनी लिहिला नाही, मग आपण का लिहायचा?” आपल्याकडे नमस्काराला प्रतिनमस्कार असतो, कोणी हात जोडले की आपले हात आपोआप वर येतात. उत्तराची पहिली ओळ म्हणजे बहुतेक वेळा हा प्रतिनमस्कार. म्हणून तर उत्तरात तो नव्या पत्रापेक्षाही जास्त सहज वाटतो. नव्या पत्रात आपण नमस्कार करतो, उत्तरात परत करतो. पण ज्याने मदत मागितली त्याने घाईत नमस्कार केला नाही म्हणून आपण हिशोब चुकता करायचा नसतो. ‘चमत्काराशिवाय नमस्कार नाही’ ही म्हण सत्तेपुढे वाकणाऱ्यांसाठी आहे, वाचनालयाच्या कारकुनासाठी नाही.

पाचवी पायरी: नाव आणि चिन्ह

जुन्या पद्धतीत नाव आधी आणि चतुर्थीत, ‘जोशी यांस नमस्कार’. आजच्या पद्धतीत नमस्कार आधी आणि नाव हाक मारल्यासारखं, ‘नमस्कार सुनीताताई,’. दोन्ही बरोबर, मिसळू नका. ‘नमस्कार सुनीताताईंना’ असं लिहिलं की वाटतं निरोप तिसऱ्याच कोणाकडे दिलाय. अनेकांना एकत्र लिहिताना मात्र चतुर्थीच बरी, ‘सर्वांना नमस्कार’. ‘नमस्कार सर्व’ हे मराठी नव्हे.

नावापुढे काय लावायचं, याचं उत्तर तुमच्या ओळखीत आहे. ओळख असेल तर काका, ताई, सर, मॅडम, जे तोंडाने म्हणता तेच. नुसतं ‘नमस्कार कुलकर्णी’ हे कचेरीतल्या बरोबरीच्यांत चालतं, एरवी कानाला टोचतं. ‘जी’ लावू नका. इंदूरला, भोपाळला तो आदर आहे. पुण्या-नाशिकच्या वाचणाऱ्याला तो हिंदीतून आलेला पाहुणा वाटतो. आणि नावाची, नात्याची खात्री नसेल तर नुसता नमस्कार. तो अपुरा नसतो.

नमस्कारानंतर स्वल्पविराम द्या आणि मजकूर खालच्या ओळीपासून. पूर्णविरामही चालतो, जरा गंभीर वाटतो. उद्गारचिन्ह आनंदाच्या प्रसंगाला ठेवा. अनामत रकमेच्या उत्तरात ‘नमस्कार!’ म्हणजे दारातच मिठी. फोनवरच्या निरोपात नुसता ‘नमस्कार’ पाठवून थांबू नका. समोरचा काम टाकून बघत बसतो की पुढे काय. उंबरठ्यावर उभं राहून आत न येणाऱ्या पाहुण्यासारखं ते आहे. नमस्कार आणि काम एकाच निरोपात पाठवा.

सहावी पायरी: समोरून दुसरं काही आलं असेल तर

आलेल्या पत्रावर काय लिहिलंय ते आधी बघा. कोणी ‘रामराम’ लिहितं, वारकरी ‘रामकृष्ण हरी’ लिहितो, महानुभाव पंथाची माणसं ‘दंडवत प्रणाम’ लिहितात, कोणी ‘जय भीम’, कोणी ‘जय जिनेंद्र’. यांतली बरीचशी नुसती अभिवादनं नाहीत, ती लिहिणाऱ्याने सांगितलेली ओळख आहे. ‘जय भीम’ला ‘नमस्कार’ असं उत्तर गेलं तर चूक म्हणता येणार नाही, पण हात पुढे केलेल्या माणसाला आपण न पाहिल्यासारखं केलं, असं त्याला वाटू शकतं. मी आलेला शब्द परत करते: जय भीमला जय भीम, रामरामला रामराम. ते मनापासून लिहिता येत नसेल तर मात्र ओढूनताणून लिहू नये, तिथे नमस्कारच प्रामाणिक.

रामरामचं एक सांभाळा. भेटल्यावर रामराम गोड आहे, पण ‘नोकरीला रामराम ठोकला’ म्हणजे सोडून दिली. पत्राच्या सुरुवातीला रामराम ठीक. शेवटी लिहाल तर वाचणारा क्षणभर दचकेल.

आणि जिथे नमस्कार लिहू नये

सरकारी नमुन्यातल्या पत्राला तो लागत नाही. तिथे प्रति, विषय, संदर्भ, महोदय, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी वेगळीच वहिवाट आहे, त्यात मध्येच नमस्कार परका दिसतो. एकाच दिवशी उत्तराला उत्तर, त्याला पुन्हा उत्तर असं चाललं असेल तर पहिल्यांदा लिहिला तेवढा पुरे. मधल्याच पत्रात तो अचानक परत उगवला तर समोरच्याला वाटतं, काही बिनसलंय का. जवळच्या माणसांत तर हे फार जाणवतं. माझ्या मैत्रिणीला एकदा घाईत, दिवसभर कामाची उत्तरं लिहिण्याच्या भरात, ‘नमस्कार, उद्या येत आहे’ असं गेलं. तिचा लगेच फोन, “काय गं, रागावलीस का?” आपल्याहून खूप लहान मुलाने पत्र लिहिलं तर मी ‘अनेक आशीर्वाद’ लिहिते. तिथे नमस्कार लिहिला की त्या पोराला उगीच मोठं झाल्यासारखं होतं. काही मुलांना ते आवडतं म्हणा, बारा-तेरा वर्षांच्यांना तर फारच, त्यांना मी मुद्दाम लिहिते.

राहिलं दुःखाचं पत्र. अनेक घरांत सुतकात कोणी कोणाला नमस्कार करत नाही आणि घेतही नाही. आता ते सगळेच पाळतात असं नाही, पण ज्यांच्या घरी नुकतंच कोणी गेलंय त्यांना उत्तर लिहिताना मी वरचा शब्द गाळते आणि सरळ नावाने सुरू करते. आमच्या एका जुन्या सभासदाच्या मुलीने वडील गेल्याचं कळवलं होतं, त्यांच्याकडची दोन पुस्तकं कधी परत करू असं विचारलं होतं. त्या इंदूरच्या मुलाने उत्तर लिहून आणलं, वर नेहमीप्रमाणे ‘नमस्कार’. त्याला सांगायला गेले तर म्हणाला, थांबा, आणि स्वतःच खोडून ‘मीनाताई,’ लिहिलं. खाली होतं, ‘पुस्तकांची घाई नाही. सवडीने आणा.’